रिव्हॅल्युएशनला दोन मार्क वाढले, आता एसजीपीए किती होणार?

सोलापुरात रिव्हॅल्युएशनचे निकाल लागले की सात रस्त्याच्या झेरॉक्सवाल्याकडे पोरं पोरी मोबाईल घेऊन उभी असतात, आणि प्रत्येकाचा प्रश्न एकच, "दादा, सात मार्क वाढलेत, एसजीपीए कितीनं वाढंल?" मग कुणीतरी सात भागिले सहाशे करतो आणि टक्का सांगून मोकळा होतो. ग्रेड पॉइंटवाल्या मार्कशीटला हे गणित लागूच होत नाही, मार्क थेट एसजीपीएत जातच नाहीत, मधे ग्रेड आहे.

आधी मार्कशीट, तिच्या मागचा ग्रेडचा तक्ता आणि रिव्हॅल्युएशनचा निकाल समोर घ्या. प्रत्येक पेपरचे क्रेडिट आणि ग्रेड पॉइंट कागदावर उतरवा. दोन मिनिटांचं काम आहे.

आता खरी गोम. रिव्हॅल्युएशन फक्त लेखी पेपरचं होतं, इंटर्नलचे मार्क तसेच राहतात, आणि ग्रेड ठरते दोन्हीच्या बेरजेवर. सुरुवातीला मीही इथंच अडायचो, ८० पैकीचे वाढलेले मार्क बघून थेट तक्त्यात बोट ठेवायचो, आणि उत्तर मार्कशीटशी जुळायचंच नाही. आधी बेरीज करायची, मग बेरीज कुठल्या टप्प्यात बसते ते बघायचं.

उदाहरण घेऊ. समजा तक्त्यात ४० ते ४४ ला ४ पॉइंट, ४५ ते ४९ ला ५, ५० ते ५९ ला ६ आणि ६० ते ६९ ला ७ आहेत (तुमचा तक्ता वेगळा असेल तर तुमचाच धरा). एका पोरीला लेखीत ४२ आणि इंटर्नलला १६, एकूण ५८, म्हणजे ६ पॉइंट. रिव्हॅल्युएशनला ४२ चे ४४ झाले, बेरीज ६०, पॉइंट ७. तिच्या मैत्रिणीची बेरीज ६१ वरून ६८ झाली, सात मार्क वाढले, तरी ७ चे ७ च, एसजीपीए जागचा हलला नाही. दोन मार्कांनी जे झालं ते सातनं नाही झालं, म्हणून "किती मार्क वाढले" हा प्रश्नच सोडा, "टप्पा ओलांडला का" एवढंच विचारा.

पुढचं सोपं आहे. त्या पोरीच्या सेमिस्टरला एकूण २२ क्रेडिट होते, पेपर ४ क्रेडिटचा, आणि क्रेडिट गुणिले पॉइंट यांची सगळी बेरीज १६२ होती.

```
आधी : १६२ ÷ २२ = ७.३६
नंतर : (१६२ + ४ × १) ÷ २२ = १६६ ÷ २२ = ७.५५
```

एक टप्पा वर, एसजीपीए साधारण ०.१८ नं वर. हाच टप्पा २ क्रेडिटच्या पेपरला ओलांडला असता तर निम्माच, ०.०९. त्यामुळे फॉर्म भरताना कुठल्या पेपरला पैसे घालायचे हे ठरवायचं असेल तर क्रेडिट जास्त आणि बेरीज टप्प्याच्या अगदी खाली असलेला पेपर निवडा. ६१ वर असलेल्या पेपरला केवळ एसजीपीएसाठी पैसे भरणं मला तरी पटत नाही. आणि आधी उत्तरपत्रिकेची फोटोकॉपी मागवा, एखादं उत्तर तपासायचंच राहिलंय किंवा आतल्या आणि मुखपृष्ठावरच्या मार्कांची बेरीज जुळत नाही असं दिसलं तरच पुढं जा. मार्क कमी होऊ शकतात का आणि किमान किती वाढले तर धरतात, हे फॉर्मसोबतच्या नियमात वाचूनच सही करा.

नापासाचा पास झाला तर उडी मोठी असते, आणि इथं भलेभले चुकतात. समजा लेखीत पास व्हायला ८० पैकी ३२ लागतात, पोराला २८, इंटर्नलला १७. बेरीज ४५ येते, पण लेखीचं पासिंग वेगळं असल्यामुळं ग्रेड एफ, पॉइंट शून्य. आता २८ चे ३२ झाले की बेरीज ४९, पॉइंट थेट ५. लोक समजतात आत्ता कुठं पास झालाय म्हणजे ४ च मिळणार, तसं नाही, इंटर्नल चांगलं असलं की तो काठावरची ग्रेड ओलांडूनच वर येतो. चार क्रेडिटच्या पेपरला २० पॉइंट वाढले, २२ क्रेडिटवर ०.९१.

सीजीपीएत मात्र हे सगळं पातळ होतं. सहा सेमिस्टरचे १३२ क्रेडिट धरले तर त्या पहिल्या पोरीचा ४ पॉइंटचा फायदा ०.०३ एवढाच. ६.९७ वाल्याला तो सातवर नेतो, बाकीच्यांना फारसा जाणवत नाही. आणि टक्के काढायला ९.५ नं गुणू नका, तो सीबीएसईच्या दहावीच्या जुन्या पद्धतीतला आकडा होता, मार्कशीटवर दिलेलंच सूत्र वापरा.

नवीन मार्कशीट हातात आली की फक्त वाढलेले मार्क बघून घरी जाऊ नका. त्या पेपरची ग्रेड, मिळालेले क्रेडिट आणि खालचा एसजीपीए, तिन्ही बदललेत का ते काउंटरवरच तपासा. मार्क बदललेत आणि एसजीपीए जुनाच छापलाय असं दिसलं, तर तुमच्या हिशोबाचा कागद जोडून तिथंच अर्ज द्या आणि पोच घ्या.