अवघड कवितेचं गद्य करताना: ‘झपूर्झा’च्या एका कडव्यावर माझे चार दिवस गेले त्याची गोष्ट

बीएला मराठी घेतलेल्या आणि ‘पुढील कडव्याचा सरळ अर्थ लिहा’ हा प्रश्न बघून घाबरणाऱ्या पोरापोरींसाठी लिहायलोय. मी परभणी जिल्ह्यातला, घरी कोरडवाहू शेती, आणि पहिल्या वर्षाला केशवसुतांच्या ‘झपूर्झा’चा अर्थ लिहिला तेव्हा सरांनी पूर्ण पानावर काट मारली होती. ती काट बरोबर होती हे मला दोन वर्षांनी कळलं.

कविता १८९३ ची. पहिलं कडवं असं सुरू होतं: ‘हर्षखेद ते मावळले, हास्य निमालें, अश्रु पळाले’. मी काय लिहिलं होतं, तर ‘कवीचं दुःख संपलं आणि तो आनंदी झाला’. म्हणजे अश्रू पळाले एवढंच धरलं आणि हास्य सोडून दिलं. निमालें म्हणजे विझलं, संपलं. मग पुढच्या ओळी बघा, काटे बोथट झाले आणि मखमलीची मऊ लवही वठली, प्रकाश गेला आणि तिमिरही हरपला. प्रत्येक ठिकाणी दोन टोकं आहेत आणि दोन्ही गेलीत. माझ्या गद्यात एकच टोक गेलं होतं म्हणून अर्थ पार उलटा झाला, कारण कवी आनंदाची नाही तर आनंद आणि दुःख दोन्हीच्या पलीकडची अवस्था सांगायलाय. तेव्हापासून मी एक करतो, कडव्यात किती गोष्टी सांगितल्यात त्या बोटावर मोजतो आणि माझ्या गद्यात तेवढ्याच आल्यात का ते बघतो. हर्ष, खेद, हास्य, अश्रू, काटे, लव, प्रकाश, अंधार, झाल्या आठ. गद्यात सहाच आल्या तर दोन मी खाल्ल्या.

पण खरी परीक्षा चौथ्या कडव्यात आहे, आणि तेच नीट सांगतो:

नांगरल्याविण भुई बरी
असे कितितरी, पण शेतकरी
सनदी तेथें कोण वदा?
हजारांतुनी एकादा!
तरी न, तेथुनि वनमाला
आणायाला अटक तुम्हांला;
मात्र गात हा मंत्र चला –

आणि मग पालुपद, ‘झपूर्झा! गडे झपूर्झा!’

पहिल्यांदा शब्द सगळे ओळखीचे वाटतात, फसगत तिथंच होती. अनोळखी शब्द असला तर माणूस कोश उघडतो, ओळखीचा असला तर उघडत नाही. या कडव्यात ‘अटक’ आहे, आजच्या मराठीत अटक म्हटलं की पोलीस आठवतात. वर्गातल्या एकानं खरंच ‘वनमाला आणली तर अटक होईल’ असं लिहिलं होतं. जुन्या मराठीत अटक म्हणजे अडथळा, आडकाठी. ‘सनदी’चं तसंच, आपल्याला सनदी अधिकारी माहीत, मग सनदी शेतकरी म्हणजे काय सरकारी नोकर का? मोल्सवर्थचा कोश आणि दाते-कर्व्यांचा महाराष्ट्र शब्दकोश दोन्ही शिकागो विद्यापीठाच्या साइटवर फुकट बघायला मिळतात, ओळखीच्या शब्दालाही तिथं शोधा असं मी सांगीन.

सनद मात्र मला कोशाआधी घरी कळली. अण्णांना विचारलं तर ते म्हणले, “अरे इनामाच्या जमिनीला सनद असायची की, सरकारचा कागद. ज्याच्याकडं सनद त्याचा हक्क, बाकीचे नुसते कसणारे.” म्हणजे सनदी शेतकरी हा हक्काचा कागद मिळालेला शेतकरी. एवढं कळलं की अर्धं कडवं उघडतं.

आता उरलं अर्ध, आणि ते शब्दात नसून शब्दांच्या जागेत आहे. यालाच आपण अन्वय लावणं म्हणतो, म्हणजे छंदासाठी मागंपुढं झालेले शब्द बोलण्याच्या क्रमात आणायचे, एकही शब्द न बदलता. हे आधी करायचं, अर्थ नंतर, घाई करायची नाही. पहिल्या ओळीचे दोन अन्वय लागतात. एक, ‘नांगरल्याविण भुई कितीतरी बरी असे’, म्हणजे न नांगरलेली जमीनच जास्त चांगली. दुसरा, ‘नांगरल्याविण बरी भुई कितीतरी असे’, म्हणजे चांगली जमीन न नांगरता कितीतरी पडून आहे. मी पहिला धरून बसलो होतो, लई काव्यात्मक वाटला मला, रानटी ते सुंदर वगैरे. अण्णांना सांगितलं तर ते म्हणले, “नांगरल्याबिगर कायची बरी रे?”

तेवढ्यानं निकाल लागत नाही, कवीला शेतकऱ्याचं मत मान्य असलंच पाहिजे असं काही नाही. निकाल लावला तो ‘पण’नी. पण आला की आधीच्या आणि नंतरच्या वाक्यात विरोध पाहिजे. ‘न नांगरलेली जमीन जास्त चांगली, पण तिथं हक्काचा शेतकरी कोण?’ यात विरोध लागत नाही, ओढून ताणून लावावा लागतो. ‘जमीन कितीतरी पडून आहे, पण तिथं हक्काचा शेतकरी हजारात एखादा’ यात सरळ लागतो, कितीतरीच्या समोर एखादा येतो. म्हणून दुसरा अन्वय. दोन अर्थ समोर आले की पण, तरी, मात्र, म्हणून या बारक्या शब्दांना विचारायचं, ते बहुतेक वेळा सांगतात.

‘तरी न’ मधला तो न सुद्धा जपायचा. तो आपल्या जागेपासून लांब पडलाय, अन्वयात तो शेवटी जातो: तरी तेथून वनमाला आणायला तुम्हांला अटक न, म्हणजे नाही. हा एक न सुटला की परवानगीची बंदी होती.

मग माझं गद्य असं झालं:

न नांगरलेली अशी चांगली जमीन कितीतरी आहे. पण ती कसायचा हक्क मिळालेला शेतकरी तिथं कोण आहे, सांगा? हजारातून एखादाच. तरीही तिथून रानफुलांची माळ आणायला तुम्हाला आडकाठी नाही; फक्त हा मंत्र गात चला – झपूर्झा!

यात बघा, मी जमिनीचा अर्थ ‘प्रतिभेचं क्षेत्र’ असा घातला नाही. तो अर्थ आहे, आधीच्याच कडव्यात ‘ज्ञाताच्या कुंपणावरून’ उडी मारायची गोष्ट आलीय, कुंपणापलीकडची भुई म्हणजे अजून कुणी न जाणलेलं. पण तो भावार्थ, तो गद्याच्या खाली वेगळ्या परिच्छेदात लिहायचा. गद्यातच ‘प्रतिभेची जमीन’ लिहिलं की जमीन मरती, नांगर मरतो, सनद मरती, आणि वाचणाऱ्याला कवीनं काय सांगितलं आणि तुम्ही काय घातलं हे वेगळं करता येत नाही.

आणि झपूर्झाचं गद्य करायचं नाही. झिम्मा खेळणाऱ्या पोरींचं ‘जा पोरी जा’ भरभर म्हणताना जसं कानावर येतं त्यातून तो शब्द आलाय. त्याच्या जागी ‘जा पोरी जा’ लिहिलं तर गिरकी थांबती. तसाच ठेवायचा, आणि कुठून आला ते खाली एका ओळीत सांगायचं.

शेवटी मी कविता न दाखवता नुसतं गद्य अण्णांना वाचून दाखवलं. ते जरा वेळ गप्प बसले आणि म्हणले, “म्हणजे जमीन नावावर नसली तरी फुलं आणायला जाता येतंय.” मी वही मिटली आणि पाचव्या कडव्याला लागलो.