टाइप-सी होतं, पण टीव्हीवर चित्र येईना

भुसावळला मावशीकडे लग्नाचा व्हिडिओ टीव्हीवर दाखवायचा होता. फोनला टाइप-सी ते एचडीएमआय अडॅप्टर लावला, पण पडदा काळाच. केबल बदलून पाहिली, तरी तेच. शेवटी फोनची माहिती उघडली: यूएसबी 2.0. तिथंच कळलं. चित्र बाहेर काढायला डिस्प्लेपोर्ट ऑल्ट मोड लागतो. तो वेगवान तारांच्या जोड्यांवर चालतो, आणि 2.0 च्या पोर्टात त्या जोडलेल्याच नसतात. खाचेचा आकार मात्र हुबेहूब तोच!

मग ओटीजी पेनड्राइव्ह लावला, तो लगेच दिसला. 2.0 चं, म्हणजे सेकंदाला 480 मेगाबिटचं पोर्ट प्रत्यक्षात सेकंदाला फार तर 35-40 मेगाबाइट देतं. आमचा पेनड्राइव्ह त्याहून हळू, म्हणून 3 जीबीचा व्हिडिओ त्यात कॉपी व्हायला पाच मिनिटं लागली. तोवर मावशीचं भरीत तयार झालं. पेनड्राइव्ह टीव्हीला लावला नि व्हिडिओ सुरू.