मूळव्याधीची ठणक : टबात बसण्याची पद्धत

शौचानंतरची ठणक बहुतेक वेळा गुदद्वाराचा स्नायू आवळून बसल्याने वाढते. कोमट पाण्याने तो सैल पडतो, म्हणून शौचानंतर लगेच कोमट पाण्याच्या टबात बसण्याचा उपयोग सर्वांत जास्त. पाणी ३७ ते ४० अंश सेल्सिअस हवं. थर्मामीटर नसेल तर मनगटाची आतली बाजू बुडवून पाहा, उबदार लागावं, चटका नको. जास्त कढत पाण्याने त्वचा भाजते, सूजही वाढू शकते. कंबर बुडायची गरज नाही, गुदद्वार पाण्याखाली राहिलं की पुरे. १० ते १५ मिनिटं, दिवसातून दोन-तीनदा. साबण, जंतुनाशक नकोच. त्याने आग होते. उठताना आधार घ्या, चक्कर येऊ शकते. नंतर चोळू नका, मऊ कापडाने टिपा. रक्त जात असेल किंवा कडक, दुखरी गाठ अचानक आली तर डॉक्टरांना दाखवा.