उद्घाटनाचं निमंत्रण: तारीख, पत्ता आणि सवलत वर आणा

'श्रीकृपेने आमच्या येथे…' अशी सुरुवात केली की तारीख आणि पत्ता तळाशी जातात. व्हॉट्सॲपवर लांब मजकूर दुमडला जातो, मग ते दिसतच नाहीत.

शब्द फार बदलू नका, क्रम बदला. साडीच्या दुकानासाठी पहिल्या चार ओळी अशा:

```
*पैठणी हातमागावर विणताना पाहा*
*फक्त रविवारी कॉटन साड्यांवर 15% सूट*
*रविवार, 19 एप्रिल 2026, सकाळी 11 ते रात्री 9*
गाळा 4, तळमजला, बसस्टँडसमोर, मेडिकलशेजारी
```

'उपस्थिती प्रार्थनीय', निमंत्रकांची नावं वगैरे सगळं यानंतर. चांदणी आणि अक्षर यांच्यात मोकळी जागा सोडू नका, नाहीतर ओळ ठळक होत नाही. पत्ता मात्र साधाच ठेवा, सगळंच ठळक केलं तर काहीच उठून दिसत नाही. मॅपची लिंक त्याच्या लगेच खाली.

सगळ्यात जास्त घोळ वेळेचा होतो. पूजा साडेनऊला आणि विक्री अकराला असेल, तर सर्वांना पाठवायच्या निमंत्रणात अकराच लिहा. पूजेची वेळ घरच्यांना आणि जवळच्यांना वेगळी कळवा. एकाच मजकुरात दोन्ही वेळा दिल्या की गिऱ्हाईक साडेनऊला येतं, बिलिंग सुरू नसतं आणि ते परत जातं.

'50% पर्यंत सूट' असं मोघम लिहू नका. कशावर, किती आणि कोणत्या दिवशी हे त्याच ओळीत हवं, नाहीतर काउंटरवर वाद ठरलेलाच.