वरचं 168, खालचं 66: उतारवयातलं बीपी वाचताना या चुका टाळा

"डॉक्टर, वरचं जरा वाढलंय, पण खालचं एकदम चांगलंय." साठी ओलांडलेल्या माणसाच्या तोंडून हे वाक्य रोज ऐकायला मिळतं, आणि ते सांगताना चेहऱ्यावर काळजी नसते. तिशी-चाळिशीतल्या माणसानं असं म्हटलं तर ऐकून घेता येईल. सत्तरीत मात्र खालचा आकडा कमी असणं हाच बऱ्याचदा आजाराचा भाग असतो.

सोलापूरच्या विडी घरकुलातल्या एका मावशींचं उदाहरण घेऊ. वय 71, आयुष्यभर विड्या वळल्या, दहा वर्षांपासून साखर. बीपी 168/66. सोबत आलेल्या मुलाचं बीपी सहज म्हणून मोजलं, ते 122/82 निघालं. मुलगा म्हणाला, "आईच्या दोन आकड्यांत शंभराचा फरक? मशीन बिघडलंय वाटतं." मशीन ठीकच होतं.

या फरकालाच पल्स प्रेशर म्हणतात. मुलाचं 40, आईचं 102. आता सरासरी दाब काढू. खालच्या आकड्यात पल्स प्रेशरचा एक तृतीयांश मिळवला की तो अंदाजे मिळतो. मुलाचा येतो 95 आणि आईचा 100, म्हणजे फरक जेमतेम पाचाचा. दिवसभरात सरासरी धरली तर दोघांच्या नळ्यांवर जवळजवळ सारखाच दाब आहे. आईच्या बाबतीत तो प्रत्येक ठोक्याला वर उसळतो आणि लगेच खाली कोसळतो, एवढाच फरक.

असं का होतं? हृदय एका ठोक्याला साधारण 70 मिलीलीटर रक्त महाधमनीत ढकलतं, तेही सेकंदाच्या जेमतेम तिसऱ्या हिश्श्यात. पुढच्या बारीक धमन्यांमधून तेवढं रक्त तेवढ्या वेळात पुढं सरकत नाही. मग साधारण निम्मं रक्त महाधमनीच तिच्या भिंती ताणून पोटात सामावून घेते. हृदयाची झडप मिटली की ताणलेली भिंत परत आकसते आणि तेच रक्त हळूहळू पुढं सोडते. भिंत ताणली जाते म्हणून वरचा आकडा फार चढत नाही, आणि आकसताना रक्त पुढं ढकलत राहते म्हणून खालचा फार उतरत नाही. दोन्ही कामं एकाच गुणाची, त्याचं नाव कंप्लायन्स. दाब एका मिलिमीटरनं वाढला तर नळी किती मिलीलीटर रक्त जादा मावून घेते, तो हिशोब.

ढोबळ आकडा काढायचा तर ठोक्याचं रक्त भागिले पल्स प्रेशर. दोघांचंही 70 मिलीलीटर धरलं, तर मुलाचा आकडा 1.75 आणि आईचा 0.7 च्या आसपास. हे गणित काटेकोर नाही, कारण ठोका चालू असतानाच काही रक्त पुढं निघून जातं, पण दिशा बरोबर दाखवतं. आईच्या महाधमनीत जागा निम्म्याहूनही कमी उरली आहे. जागा नाही म्हणून 168, आणि साठा नाही म्हणून 66. दोन्ही आकडे एकाच बिघाडाचे आहेत, त्यातला एक चांगला आणि एक वाईट असं नसतं.

भिंतीला ही ताण देणारी चीज म्हणजे इलास्टिन नावाचे तंतू. ते मुख्यतः जन्माआधी आणि बालपणात तयार होतात, नंतर नव्यानं फारसे बनत नाहीत. हृदय दिवसाला सुमारे एक लाख ठोके देतं. वर्षानुवर्षं धुतलेल्या परकराचं इलॅस्टिक जसं कापड शाबूत असूनही ताण सोडतं, तसे हे तंतू झिजून तुटतात. मग भार कोलॅजेनवर येतो, ते मजबूत असतं पण ताणलं जात नाही. त्यात भिंतीच्या मधल्या थरात कॅल्शियम साचतं. मधुमेहात साखर कोलॅजेनच्या धाग्यांना एकमेकांशी जखडून टाकते, किडनीच्या आजारात कॅल्शियमचं साचणं वाढतं. म्हणून मावशींसारख्या माणसाच्या नळ्या वयाच्याही पुढं धावतात.

आणखी एक भर पडते. ठोक्याची लहर तरुण नळीतून सेकंदाला पाच-सहा मीटरनं जाते, कडक नळीतून दहा मीटरच्या वर. फाटे फुटतात तिथं आपटून ती परत फिरते. तरुणपणी ती परत येईपर्यंत झडप मिटलेली असते, त्यामुळं खालच्या दाबाला टेकू मिळतो. कडक नळीत ती झडप उघडी असतानाच येऊन थडकते आणि वरच्या आकड्यात भर घालते.

चूक: "वयात शंभर मिळवा, तेवढं बीपी चालतं"

पेठेतल्या कट्ट्यावर हा हिशोब अजून चालतो. त्या हिशोबानं मावशींचं 171 पर्यंत चाललं असतं. नळ्या वयानं कडक होतात हे खरं, पण म्हणून त्या दाबाचा त्रास कमी होत नाही. 1991 साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या शेप अभ्यासात साठीच्या पुढची, वरचं 160 ते 219 आणि खालचं 90 च्या आत असलेली माणसंच घेतली होती. म्हणजे नेमकं "खालचं चांगलंय" वाले. लघवी वाढवणाऱ्या क्लोरथॅलिडोनच्या गोळीपासून उपचार सुरू केल्यावर त्यांच्यातले पक्षाघात 36 टक्क्यांनी घटले. 2008 च्या हायवेट अभ्यासात ऐंशीच्या पुढच्यांनाही उपचाराचा फायदा दिसला. वय झालं म्हणून सोडून द्या, या सल्ल्याला आधार उरलेला नाही.

पन्नाशीनंतर खालचा आकडा आपोआप उतरू लागतो. पंचेचाळिसाव्या वर्षी 150/96 असलेला माणूस पासष्टीला 164/78 घेऊन येतो आणि म्हणतो, निम्मं बीपी बरं झालं. बरं काही झालेलं नसतं, नळी आणखी कडक झालेली असते. जुने कागद समोर ठेवून पाहिलं की हा प्रवास स्पष्ट दिसतो, म्हणून ते फेकू नका.

चूक: ब्लॉकेज नाही म्हणजे नळ्या ठीक

अँजिओग्राफी स्वच्छ आली, कोलेस्टेरॉलची गोळी चालू आहे, मग नळ्या कडक कशा, असं विचारतात. चरबीचा थर बसतो तो नळीच्या आतल्या अस्तराशी. हा कडकपणा मधल्या थरातला. दोन्ही एकाच माणसात असू शकतात, पण एक नाही म्हणून दुसराही नाही असं होत नाही.

चूक: घाईत मोजणं

हिच्यावर जरा थांबतो, कारण निम्मा गोंधळ इथंच असतो. मावशी दोन जिने चढून आल्या होत्या, मिश्री लावून झाली होती, मोजताना मुलाशी तेलुगूत बोलणं चालू होतं आणि पट्टा ब्लाऊजच्या बाहीवर बांधला होता. पाठ टेकवून, पाय जमिनीवर ठेवून पाच मिनिटं गप्प बसवलं, बाही वर केली, हात छातीच्या उंचीवर ठेवला आणि दोनदा मोजलं: 158/66. दहा मिलिमीटर तिथंच गेले. दंड जाड असेल तर मोठा पट्टा मागा, लहान पट्टा आकडा फुगवतो. पहिल्या वेळी दोन्ही हातांचं मोजा आणि ज्या हाताचं जास्त, तोच पुढं धरा.

उलटी चूकही होते. कानाला नळी लावून मोजताना कडक धमन्यांच्या माणसात आवाज मध्येच गायब होतो आणि खाली पुन्हा सुरू होतो. पट्टा 150 पर्यंतच फुगवला तर मधल्या शांततेत सापडून 180 चा माणूस 140 चा ठरतो. उपाय सोपा आहे. मनगटाची नाडी बोटाखाली धरून पट्टा फुगवा, नाडी लागेनाशी झाली की आणखी 30 वर न्या आणि मग सोडा.

मग उभं करा. एक मिनिटानं आणि तीन मिनिटांनी पुन्हा मोजा. मानेतल्या धमनीतले दाब ओळखणारे तंतू भिंतीच्या ताणावर चालतात. भिंतच कडक झाली तर ते आळशी होतात, म्हणून बसून 158 असलेला माणूस उभा राहिल्यावर 130 वर येऊन भोवळू शकतो. वरचा आकडा 20 किंवा खालचा 10 नं उतरला तर गोळी वाढवण्याआधी त्याचा विचार हवा. मावशींचं उभ्यानं 150/66 आलं, म्हणजे चिंता नव्हती.

चूक: प्रत्येक रुंद फरकाचं खापर वयावर फोडणं

महाधमनीची झडप गळत असेल, थायरॉइड वाढलेला असेल, रक्त फार कमी असेल, तरी हा फरक रुंदावतो. स्टेथोस्कोप, हिमोग्लोबिन आणि टीएसएच एवढ्यात बहुतेक उलगडा होतो. नाडीही पाहा. ठोके 52 वर असतील तर प्रत्येक ठोक्याला रक्त जास्त जातं आणि फरक वाढतो. म्हणूनच हृदयाचं दुसरं कारण नसेल तर ठोके मंद करणारी अटेनॉलॉलसारखी गोळी अशा वयात पहिली निवड नसते. क्लोरथॅलिडोनसारखी थायझाइडच्या जातीची किंवा अॅम्लोडिपिनसारखी गोळी जास्त शोभते.

मावशींची नाडी 74, झडप शांत, थायरॉइड ठीक. सापडलं ते वेगळंच: गुडघ्यासाठी मेडिकलमधून रोज घेतलेली डायक्लोफेनॅकची गोळी. ती मीठ आणि पाणी शरीरात अडवून बीपी चढवते. भाकरीबरोबर शेंगाचटणी आणि पापडही रोजचे होते. चटणी बंद करा म्हणायची सोलापुरात कुणाची हिंमत नाही, पण त्यातलं मीठ निम्मं करता येतं. डायक्लोफेनॅक थांबवली, क्लोरथॅलिडोन 12.5 मिलिग्रॅमची निम्मी गोळी सुरू केली, आणि गरजेनुसार वाढवली. दोन महिन्यांनी 142/64.

फरक अजून 78 आहे. तुटलेले तंतू परत जोडणारं औषध नाही, त्यामुळं 120/80 ची वाट पाहत गोळ्या वाढवत जाणं ही शेवटची आणि धोक्याची चूक. हृदयाच्या स्नायूला रक्त मुख्यतः दोन ठोक्यांच्या मधल्या वेळात, खालच्या दाबावर मिळतं. एकीकडे 168 विरुद्ध पंप मारून स्नायू जाड झालेला, दुसरीकडे पुरवठ्याचा दाब 66. खालचा आकडा 60 च्या खाली चालला, विशेषतः छातीत दुखण्याचा इतिहास असेल, तर हात आखडता घ्यावा. आधी वरचं 140 च्या आत, ते सोसलं तर 130 कडे, आणि तेही आठवड्यांच्या हिशोबानं.

एप्रिल-मे मध्ये पारा 42-43 वर गेला की लघवी वाढवणारी ही गोळी चालू असलेल्यांचं सोडियम-पोटॅशियम एकदा तपासून घ्या. जुलाब, उलट्या किंवा उन्हानं थकवा आला, उठताना अंधारी आली, तर त्या दिवशी पुढची गोळी घेण्याआधी डॉक्टरांना फोन करा.