लॅब रिपोर्टच्या फोटोवरून नोंदतक्ता करताना या चुका टाळा

घरात कुणाला थायरॉइड, मधुमेह किंवा हिमोग्लोबिनचा त्रास असेल तर दर काही महिन्यांनी रिपोर्ट येतो. कधी म्हापशाच्या खाजगी लॅबमधून, कधी बांबोळीच्या गोमेकॉतून. हे सगळे एका गूगल शीटमध्ये आणून कुठला आकडा मर्यादेबाहेर गेला ते आपोआप दिसावं, ही कल्पना चांगली आहे. पण तक्ता बिघडतो तो बहुतेकदा एकाच स्तंभामुळे, तो म्हणजे संदर्भ मर्यादेचा. त्यातली चूक डोळ्यांना दिसत नाही आणि निकाल मात्र उलटा येतो.

फोटो आणि सरकलेल्या ओळी

कागद प्लास्टिकच्या फोल्डरमधून बाहेर काढा, नाहीतर चकाकीत दशांश चिन्ह हरवतं. पावसाळ्यात दमट होऊन वाकलेला कागद जड पुस्तकाखाली सपाट करून घ्या आणि फ्लॅश बंद ठेवून खिडकीच्या उजेडात बरोबर वरून फोटो काढा. नाव आणि नोंदणी क्रमांकाचा भाग कापून टाका. मग फोटो गूगल ड्राइव्हवर चढवून `Open with → Google Docs` केलं की मजकूर मिळतो.

हा मजकूर पुष्कळदा ओळीने न येता स्तंभाने येतो: आधी सगळी चाचण्यांची नावं, मग सगळे आकडे, मग सगळ्या मर्यादा. मध्येच एखादं उपशीर्षक असेल, ज्याच्यापुढे आकडा नसतो, तर तिथून खाली प्रत्येक आकडा एक ओळ वर सरकतो. हिमोग्लोबिनचा आकडा दुसऱ्याच चाचणीसमोर बसतो आणि तक्ता वरवर नीटनेटका दिसतो.

हे पकडायला रिपोर्टमध्येच सोय आहे. पांढऱ्या पेशींच्या पाच प्रकारांच्या टक्केवारीची (न्यूट्रोफिल, लिम्फोसाइट, इओसिनोफिल, मोनोसाइट, बेसोफिल) बेरीज 100 च्या आसपास यायला हवी. लिपिड प्रोफाइलमध्ये एचडीएल, एलडीएल आणि व्हीएलडीएल यांची बेरीज एकूण कोलेस्टेरॉलच्या जवळ जाते. हिमोग्लोबिनला 3 ने गुणलं की साधारणपणे पीसीव्हीच्या जवळचा आकडा येतो. बेरीज फार चुकली तर एकतर ओळ सरकली आहे, नाहीतर दशांश चिन्ह गळालं आहे.

मर्यादा एकाच चौकटीत ठेवणं

ही सगळ्यात महागडी चूक. `4-11` असं चिकटवलं की शीट ती तारीख समजते आणि शीटची सेटिंग भारतीय असेल तर 4 नोव्हेंबर करून टाकते. नंतर चौकट मजकुराची केली तरी मूळ `4-11` परत येईलच याची खात्री नसते. म्हणून आधी तो स्तंभ निवडून `Format → Number → Plain text` करा आणि मगच चिकटवा. निकालाच्या स्तंभाला मात्र हे करू नका, नाहीतर तिथले आकडेही मजकूर होऊन बसतील.

ही मजकूर-मर्यादा फक्त पडताळणीसाठी ठेवा, तिच्याशी तुलना करता येत नाही. तुलनेसाठी खालची मर्यादा आणि वरची मर्यादा असे दोन वेगळे स्तंभ हवेत, आणि ते हाताने भरलेले बरे. एका रिपोर्टला पाचेक मिनिटं जातात. सूत्राने तोडायला गेलात तर कुठे आखूड रेघ, कुठे लांब रेघ, कुठे `<200` अशा प्रत्येक तऱ्हेला वेगळं सूत्र लागतं.

एकाच बाजूची मर्यादा असेल तर दुसरी चौकट रिकामी ठेवा. एकूण कोलेस्टेरॉल `<200` असेल तर वरची मर्यादा 200, खालची रिकामी. स्त्रियांच्या एचडीएलला `>50` छापलं असेल तर खालची 50, वरची रिकामी. आणि इथेच साधं सूत्र फसतं, कारण आकड्यांच्या तुलनेत रिकामी चौकट शून्य धरली जाते. एचडीएल 46 असताना `D2>G2` हे 46 > 0 होतं आणि कमी असलेला निकाल "जास्त" म्हणून झळकतो.

दुसरा घोळ मजकूर झालेल्या आकड्याचा. `11.4 L` असं खुणेसकट चिकटलं की तो आकडा उरत नाही, आणि शीट मजकुराला कुठल्याही आकड्यापेक्षा मोठा मानते. म्हणजे 12.0 ते 15.0 या मर्यादेत 11.4 हे कमी हिमोग्लोबिनसुद्धा "जास्त" ठरतं. सगळीकडे "जास्त" दिसू लागलं तर आधी हेच तपासा.

A पासून G पर्यंत तारीख, लॅब, चाचणी, निकाल, एकक, खालची मर्यादा, वरची मर्यादा असा क्रम धरून H2 मध्ये हे सूत्र लिहा आणि खाली ओढा. मजकूर-मर्यादा J मध्ये ठेवा.

```
=IF(D2="","",IF(OR(NOT(ISNUMBER(D2)),
COUNT(F2:G2)=0,COUNT(F2:G2)<COUNTA(F2:G2)),
"तपासा",IF(AND(F2<>"",D2<F2),"कमी",
IF(AND(G2<>"",D2>G2),"जास्त","ठीक"))))
```

निकाल किंवा मर्यादा आकडा नसेल, किंवा दोन्ही मर्यादा रिकाम्या असतील, तर "तपासा" येतं. मर्यादेवर नेमका बसणारा आकडा "ठीक" धरला जातो. `<0.01` असा छापलेला टीएसएचही "तपासा" दाखवेल. तिथे स्वतःच्या मनाने 0 भरू नका, निकाल आहे तसाच ठेवून शेरा लिहा.

I स्तंभात लॅबने स्वतः छापलेली खूण उतरवा, मग ती H किंवा L असो, तारका असो की ठळक अक्षर. तुमची खूण आणि लॅबची खूण जुळत नसेल तर ती ओळ मूळ कागदाशी ताडून पाहा. दशांश गळून टीएसएच 2.45 चा 245 झालेला असतो तो असाच सापडतो.

सगळ्या रिपोर्टांना एकच मर्यादा लावणं

एक उदाहरण घ्या. म्हापशाच्या लॅबने प्लेटलेट 2.10 लाख दिले, मर्यादा 1.5 ते 4.1. सहा महिन्यांनी दुसऱ्या लॅबने 198 दिले, मर्यादा 150 ते 410, एकक हजार प्रति मायक्रोलिटर. पहिल्या रिपोर्टची मर्यादा दुसऱ्याला लावली तर 198 हे 4.1 पेक्षा प्रचंड जास्त दिसतं आणि घरात उगाच घबराट होते. खरं तर 2.10 लाख म्हणजे 210 हजार. 210 वरून 198, इतकाच फरक. क्युबिक मिलिमीटर आणि मायक्रोलिटर हे एकच माप, बदलतो तो फक्त लाख-हजारांचा हिशेब.

म्हणून मर्यादा दर ओळीत त्या त्या रिपोर्टवरूनच भरा. त्या यंत्र, पद्धत, वय आणि लिंगानुसार बदलतात. पण आलेख काढायचा असेल तर एका चाचणीचं एकच एकक ठरवा आणि निकाल व दोन्ही मर्यादा एकदमच बदला. फक्त निकाल बदलून मर्यादा तशीच ठेवली की वरचाच घोळ पुन्हा होतो. क्रिएटिनिन मायक्रोमोलमध्ये आलं तर 88.4 ने भागून मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर मिळतं.

एचबीए1सीच्या रिपोर्टवर मर्यादेऐवजी टप्प्यांची यादी असते: 5.7 पेक्षा कमी सामान्य, 5.7 ते 6.4 मधुमेहपूर्व, 6.5 आणि पुढे मधुमेह. यातला मधला टप्पा मर्यादा म्हणून भरला तर 5.2 हा उत्तम निकाल "कमी" म्हणून दिसेल. इथे वरची मर्यादा 5.6 भरा, खालची रिकामी ठेवा.

खुणेचा अर्थ लावताना एक गोष्ट धरून चला. बहुतेक संदर्भ मर्यादा निरोगी लोकांच्या मधल्या 95 टक्के निकालांवरून ठरवलेल्या असतात, त्यामुळे पूर्ण निरोगी माणसाचाही वीसातला एखादा आकडा किंचित बाहेर जाऊ शकतो. 4.2 च्या मर्यादेवर 4.3 आलेला टीएसएच आणि 5.62 आलेला टीएसएच दोन्ही "जास्त"च दिसतात. डॉक्टरांकडे जाताना खुणेसोबत मागच्या तीन-चार तारखांचे आकडे आणि त्या त्या वेळची मर्यादा एकाखाली एक दिसतील अशी शीट छापून न्या.