नुसता पानाचा फोटो आला, सोबत एक अक्षर नाही: सल्ला देणाऱ्यांनो, या चुका टाळा

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात कृषी सेवा केंद्राच्या किंवा सल्ला देणाऱ्याच्या व्हॉट्सॲपवर सगळ्यात जास्त येणारा फोटो म्हणजे तळहातावर धरलेलं कपाशीचं पान, कडा लाल झालेल्या. खाली ना गाव, ना प्रश्न. पाठवणारा शेतात उभा असतो, हात ओले किंवा मातीचे, मराठी टाइप करायचा कंटाळा. त्याच्या लेखी फोटो म्हणजेच प्रश्न. गडबड होते ती फोटो पाहणाऱ्याची.

चूक पहिली: पान पाहून लगेच औषध लिहिणं

लाल पान दिसलं की 'लाल्या' म्हणायचं आणि मॅग्नेशियम सल्फेट सांगून मोकळं व्हायचं, ही सवय फार जणांना आहे. पण लाल्या हे लक्षणाचं नाव आहे, कारणाचं नाही. मॅग्नेशियम कमी पडलं तर आधी खालची जुनी पानं लाल होतात. शिरा हिरव्या राहतात आणि मधला भाग रंगतो. तुडतुड्यांनी रस शोषला असेल तर कडा आधी पिवळ्या पडतात, खाली वळतात, मग लाल होतात. रात्रीची थंडी वाढली किंवा मुळाशी पाणी साचलं तरी पान लालसर होतं. एका पानाच्या वरच्या बाजूच्या फोटोवरून यातलं काय, हे खात्रीने सांगता येत नाही. झाडावर ते पान खाली होतं की शेंड्याकडे, हेही कळत नाही.

शिवाय शेतकऱ्याला निदान हवंय, हाच मुळात अंदाज असतो. तेच पान औषधाचं प्रमाण विचारायला पाठवलेलं असू शकतं, पंचनाम्यासाठी नोंद म्हणून असू शकतं, किंवा 'तुमच्याकडून नेलेलं फवारलं, तरी हे बघा' अशी तक्रार असू शकते. तक्रार करणाऱ्याला पुन्हा तेच औषध सांगितलं, तर पुढचं बोलणं कसं होईल ते वेगळं सांगायला नको.

आणि चॅटवर लिहिलेला अंदाज अंदाज राहत नाही. 'बहुधा' हा शब्द गळून पडतो, औषधाचं नाव तेवढं उरतं आणि संध्याकाळपर्यंत गावच्या ग्रुपवर फिरतं. तुडतुडे नसताना कीटकनाशक मारलं तर खर्च वाया जातोच, वर मित्रकीटकही मरतात.

चूक दुसरी: 'काय हवंय?' एवढंच विचारणं

हे अंदाजापेक्षा बरं वाटतं, पण ज्याला टाइप करायचं नव्हतं म्हणून फोटो पाठवला, त्यालाच आपण टाइप करायला लावतो. उत्तर म्हणून बरेचदा दुसरा फोटो येतो. तीन-चार वाटा पुढे ठेवल्या तर एका आकड्यात काम होतं. साधा मजकूर असा ठेवा:

"राम राम. फोटो मिळाला. कपाशीचं पान दिसतंय, कडा लाल आहेत. यातलं काय हवं, तो आकडा पाठवा:
१. हे कशामुळे झालं
२. औषधाचं प्रमाण
३. फवारणी झाली, फरक नाही
४. दुसरं काही, बोलून पाठवा"

पहिल्या ओळीत फक्त दिसतं तेवढं लिहायचं. त्यातून फोटो उघडून पाहिला हे समोरच्याला कळतं. पीक ओळखू येत नसेल तर 'पान दिसतंय' एवढंच लिहा. तुरीच्या पानाला कपाशी म्हटलं की पुढचं कोणी वाचत नाही. चौथा पर्याय कधीही गाळू नका, आणि त्यात 'बोलून' हा शब्द हवाच, कारण तिथून व्हॉइस नोट येते.

चूक तिसरी: पर्यायांत रोगांची नावं घालणं

'१. तुडतुडे २. मॅग्नेशियम ३. थंडी' असे पर्याय दिले की निदानाचं काम शेतकऱ्यावर ढकललं जातं. त्याला ते माहीत असतं तर त्याने फोटो पाठवला नसता. तो ओळखीचं नाव निवडतो आणि आपण ते खरं धरून पुढे जातो. म्हणजे अंदाजच, फक्त दुसऱ्याच्या तोंडून. पर्याय कामाचे असावेत, कारणांचे नव्हे. दुकानातल्या विभागांचेही नसावेत. 'बियाणे, खते, ठिबक' ही यादी लाल पान पाठवणाऱ्याच्या काय कामाची?

समजा '१' आलं. आता दोनच गोष्टी मागायच्या: लाल पानं झाडाच्या खालच्या भागात आहेत की सगळीकडे, आणि पान उलटं करून जवळून एक फोटो. पानामागे हिरवट, तिरकी पळणारी पिल्लं दिसली तर ते तुडतुडे. शेतात चार-पाच ठिकाणची पानं उलटून सरासरी काढायला सांगा. पानामागे दोन-तीन पिल्लं भरली, तरच कीटकनाशकाचा विचार. मागची बाजू स्वच्छ, लाली फक्त खालच्या पानांवर आणि शिरा हिरव्या असतील, तर मॅग्नेशियम सल्फेटची १ टक्का फवारणी, म्हणजे १५ लिटरच्या पंपाला १५० ग्रॅम. मुळाशी पाणी साचलेलं असेल तर आधी चर काढून ते बाहेर काढायला सांगा.

'२' आलं तर बाटलीच्या लेबलचा फोटो मागवा. लेबलवर मात्रा बहुधा हेक्टरी असते आणि शेतकरी विचारतो पंपाला. हेक्टरी १०० मिली आणि ५०० लिटर पाणी लिहिलं असेल, तर १५ लिटरच्या पंपाला ३ मिली. हा हिशेब आपण करून द्यायचा.

पर्याय पाठवूनही गाडी अडते ती कुठे

पाच फोटो लागोपाठ आले आणि पाच वेळा तोच मजकूर गेला, ही स्वयंचलित उत्तरांची नेहमीची खोड. शेवटचा फोटो आल्यावर मिनिटभर थांबा. पुष्कळदा फोटोमागून व्हॉइस नोट येतेच, मग पर्यायांची गरजच उरत नाही.

उत्तर '2', '२', 'दोन' किंवा 'दोन नंबर' असं कसंही येऊ शकतं. यंत्रणा फक्त इंग्रजी आकडा ओळखत असेल तर शेतकरी त्याच यादीत गोल फिरत राहतो. बटणं वापरत असाल तर एका संदेशात तीनच बसतात आणि बटणावर २० अक्षरांचीच मर्यादा असते, त्यात काना-मात्राही मोजल्या जातात. 'हे कशामुळे झालं' बसतं, त्याहून फार लांब नको. चौथी वाट तर हवीच, तेव्हा सूची वापरा, तिच्यात दहा ओळी मावतात. पण दहा भरू नका. छोट्या दुकानाला बिझनेस ॲपमधलं साठवलेलं झटपट उत्तर पुरतं, फक्त पहिली ओळ दर वेळी हाताने बदलायची.

काल आपणच पानाची मागची बाजू मागितली असेल, तर आज आलेला फोटो हे त्याचं उत्तर आहे. त्याला पुन्हा यादी पाठवणं म्हणजे कालचं बोलणं विसरल्याची कबुली. उत्तर देण्याआधी चॅट वर सरकवून पाहा.

बाटलीचा फोटो आला तर क्रम बदला

इथे पहिला पर्याय वेगळा असतो. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी-शेतमजूर दगावले. तेव्हापासून तरी कीटकनाशकाच्या बाटलीचा नुसता फोटो म्हणजे प्रमाणाचाच प्रश्न, असं धरून चालत नाही. लेबलवरचा त्रिकोण लाल किंवा पिवळा असेल तर जास्तच सावध राहा. पहिला पर्याय असा लिहा: "१. फवारताना त्रास झाला किंवा पोटात गेलं: आधी १०८ ला फोन करा, बाटली सोबत न्या." प्रमाण, पर्यायी औषध वगैरे त्याच्या खाली. या फोटोला मिनिटभर थांबायचा नियम लागू नाही, आणि '१' आलं किंवा दोन मिनिटांत काहीच आलं नाही, तर टाइप करत बसू नका, फोन लावा.